पडदा बदलू नका, डाग काढा

जुना फोटो नीट करायला दुकानात द्यावा आणि परत मिळावा तेव्हा आजी-आजोबांच्या मागे निळं धुकं असावं, नाहीतर कुठला तरी राजवाडा. मागचा रंगवलेला पडदा गायब. दुकानदार याला रिस्टोरेशन म्हणतो. मी याला खाडाखोड म्हणतो. ज्यांच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी शाळेचा दाखलाही नव्हता, त्यांच्याकडे कागद म्हणून असतात ते हे दोन-चार फोटोच. त्यावर खाडाखोड का सोसायची?

आमच्याच घरचं उदाहरण घ्या. आजोबा जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत कामगार. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला दीक्षा घेऊन परतल्यावर दोघांनी स्टुडिओत जाऊन फोटो काढला. चार बाय सहा इंचांचा, कृष्णधवल. आजी पांढऱ्या साडीत. मागे पडद्यावर रंगवलेला खांब, जिना आणि फुलांची कुंडी. डाव्या कोपऱ्यातून ओल शिरून तपकिरी डाग पडलेला, उजवीकडे पडदा पार फिका. दुकानानं काय केलं? माणसं कापून काढली आणि मागे निळा रंग ओतला. पांढरी साडी आणि फिका पडदा यांच्यातली कड संगणकाला सापडली नाही, म्हणून आजीचा खांदा आणि पदराचा काठ पडद्याबरोबरच गेला. केसांभोवती पांढरी कड राहिली. पायाखालची सावली पुसली गेल्यामुळे दोघं हवेत तरंगल्यासारखे दिसतात. माणसांवर जुन्या छपाईचे बारीक कण आहेत, मागचा निळा मात्र गुळगुळीत. पडदा बदललेला फोटो ओळखायच्या खुणा याच.

डाग काढायला पडदा काढावा लागतच नाही. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करायचा: ६०० पीपीआय, १६ बिट, टिफ फाइल, स्कॅनरची आपोआप सुधारणा बंद. कारण सोपं आहे. पिवळा-तपकिरी डाग निळा प्रकाश शोषतो, लाल प्रकाश बराचसा परत पाठवतो. त्यामुळे तोच डाग निळ्या चॅनलमध्ये काळा ठिक्कर दिसतो आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. जिम्प हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात `Colors > Components > Decompose` मध्ये जाऊन RGB निवडा आणि लाल थर तेवढा ठेवा. आमच्या फोटोत एवढ्यानेच जिन्याच्या चार पायऱ्या डागाखालून वर आल्या. डागाची गडद किनार उरली, ती वेगळ्या थरावर `Clone` हत्याराने, शेजारच्याच पडद्याचा भाग घेऊन झाकली. उजवीकडच्या फिक्या भागाला मास्क लावून तेवढ्याचाच कॉन्ट्रास्ट वाढवला. माणसांना हात लावला नाही. मूळ स्कॅन वेगळा ठेवला.

याला मर्यादा आहे. डाग चित्रावर चढलेला असेल तरच ही युक्ती चालते. जिथे चांदीच विरली किंवा बुरशीने जिलेटीन खाल्लं, तिथे कुठल्याच चॅनलमध्ये काही नसतं.

कुणी म्हणेल, तो जिना तरी कुठे खरा होता? खोटाच होता. पण तो त्यांच्यासमोर होता, त्यापुढे उभं राहायला त्यांनी मजुरीतले पैसे मोजले. मध्य प्रदेशातल्याच नागदा गावच्या स्टुडिओंबद्दल क्रिस्टोफर पिनी यांनी १९९७ सालच्या ‘कॅमेरा इंडिका’ या पुस्तकात लिहिलं. परदेशी अभ्यासक ज्या पडद्यांकडे इतकं लक्ष देतो, ते आपण शंभर रुपयांत पुसून घेतो. बाबासाहेबांच्या छापील तसबिरींत मागे सूर्य येतो, संसद येते, ते ठीक आहे. ती पूजनाची प्रतिमा आहे आणि तसं सगळ्यांना ठाऊक आहे. घरचा फोटो हा पुरावा आहे.

पुरावा कसा, तेही सांगतो. मावशीकडे एक फोटो आहे, मागे ना तारीख ना शिक्का. पण त्यातही तोच जिना आहे, आणि खांबावर कापडाचा जोड जिथे उसवला आहे, तो त्याच जागी. म्हणजे स्टुडिओ एकच. मावशीच्या फोटोत उसवण जास्त लांब गेलेली दिसते, म्हणजे तो आमच्यानंतरचा. एक पडदा वर्षानुवर्षं वापरात असे, त्यामुळे नेमकं साल कळत नाही, पण आधी कोणता आणि नंतर कोणता हे कळतं. निळ्या धुक्यातून हे कळलं असतं का?

दुकानात फोटो देताना लिहूनच द्या: पडदा काढू नये, मूळ स्कॅनची फाइल आणि कागदी फोटो दोन्ही परत मिळावेत. नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. आमच्या फोटोत वरच्या कोपऱ्यात बुरशीने खाल्लेला अंगठ्याएवढा तुकडा आहे. तिथे मी काहीच रंगवलेलं नाही, साधा राखाडी ठेवला आहे.