रागात असताना काजीनेही निकाल देऊ नये

रोजा ठेवलेल्या माणसाशी कुणी भांडण उकरून काढले, शिवीगाळ केली, तर त्याने उलट उत्तर न देता आपला रोजा आहे एवढेच सांगावे, अशी प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. रमजानच्या प्रवचनांत ती दरवर्षी सांगितली जाते. या शिकवणीत राग येऊच नये असे म्हटलेले नाही. दिवसभर अन्नपाणी नसलेल्या माणसाला राग लवकर येतो, हे गृहीतच धरले आहे. हात आणि जीभ मात्र आवरायला सांगितले आहे.

याच्या जोडीला आणखी एक हदीस आहे, पण तिची चर्चा कमी होते. काजीने म्हणजे न्यायाधीशाने रागात असताना दोन माणसांमधला निवाडा करू नये, असे त्या हदीसमध्ये सांगितले आहे. काजी शिकलेला असतो, त्याला कायदा माहीत असतो, दोन्ही बाजू त्याच्यासमोर उभ्या असतात. तरीही राग आला असेल तर त्याने निकाल बाजूला ठेवावा, असे इस्लामी न्यायशास्त्र सांगते. मग ज्या जमावाकडे ना कायद्याचे ज्ञान आहे, ना दुसरी बाजू ऐकण्याची सोय, आणि ज्याच्याजवळ फक्त राग आहे, त्या जमावाने निकाल देऊन तो तिथेच अमलात आणावा, याला धर्माचा आधार कुठून मिळणार?

‘लोकांचा संताप अनावर झाला’ हे वाक्य अशा प्रत्येक घटनेनंतर ऐकू येते. बहुतेक वेळा ते खोटेही नसते. संताप खरा असतो. पण तो खरा आहे म्हणून समोरचा माणूस दोषी ठरतो का, हे महाराष्ट्रातल्याच एका घटनेवरून पाहता येते.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे आदिवासी गाव आहे. 1 जुलै 2018 रोजी रविवार होता आणि गावात आठवडे बाजार भरला होता. त्या बाजारात पाच अनोळखी पुरुष आले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. गावोगाव फिरून भिक्षा मागणे हा या भटक्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. त्यांच्यापैकी एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, असे काहींनी पाहिले आणि ‘मुले पळवणारे आले’ अशी हाकाटी झाली. त्यांना मारहाण सुरू झाली, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले गेले आणि तिथल्या खोलीत मारहाण पुढे चालू राहिली. पाचही जण मरण पावले. मुले पळवण्याशी त्यांचा काहीही संबंध नव्हता.

त्या दिवशीची भीती मात्र बनावट नव्हती. आधीचे काही आठवडे मुले पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश आणि चित्रफिती मोबाइलवर फिरत होत्या. त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना दिसत. ती मुळात कराचीत तयार केलेली जनजागृतीची फीत होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांची काळजी घ्या असा फलक दाखवतात. भारतात फिरली तेव्हा हा शेवट कापलेला होता. पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली फीत अशी निरपराध माणसांच्या जिवावर उठली.

पोटच्या लेकराच्या काळजीने जे धावले, त्यांची काळजी खरी होती. पण ही काळजी त्यांना समोरच्या माणसाबद्दल काहीच सांगू शकत नव्हती. हे पाच जण कोण, कुठले, इथे का आले, याचे उत्तर रागात सापडणार नव्हते, ते विचारावेच लागले असते. ओळखपत्र पाहणे, त्यांच्या गावाकडे एक फोन लावणे आणि पोलिसांची वाट पाहणे, एवढ्यावर ते मिळाले असते. कुरआनच्या ‘हुजुरात’ या सूरहमध्ये श्रद्धावंतांना नेमके हेच बजावले आहे. एखाद्या बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणता कुणाचे तरी नुकसान कराल आणि मग पस्तावत बसाल, असा त्या आयतीचा आशय आहे. राईनपाड्यात पस्तावा आला तेव्हा पाच घरांतले कर्ते पुरुष गेलेले होते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. राईनपाड्यातले पाच जण निरपराध होते. पण समोरचा खरोखरच गुन्हेगार असेल, पोलीस दाद देत नसतील, तर लोकांनी काय करायचे?

या प्रश्नाचे सर्वांत अवघड रूप नागपूरने पाहिले आहे. तिथल्या कस्तुरबा नगर वस्तीत अक्कू यादव या गुंडाची अनेक वर्षे दहशत होती. खंडणी, मारहाण आणि बायकांवरचे अत्याचार यांच्या तक्रारी रहिवासी करत होते. पोलिसांकडे गेले तर उपयोग होत नाही, उलट तक्रारीची खबर त्याच्यापर्यंत पोचते, असे तिथल्या बायकांचे म्हणणे होते. 13 ऑगस्ट 2004 रोजी त्याला न्यायालयात आणले होते. तो जामिनावर सुटून परत येणार, अशी भीती वस्तीत होती. त्या दिवशी जमाव न्यायालयाच्या खोलीत शिरला, त्याच्यावर तिखट फेकले गेले आणि शस्त्रांनी वार करून तिथेच त्याला ठार मारले गेले.

त्या बायकांच्या रागाला कुणी खोटे म्हणू शकत नाही. पहिला दोष यंत्रणेचाच होता. ज्यांच्या तक्रारी लिहून घेतल्या गेल्या नाहीत, त्यांना कायद्यावर विश्वास ठेवा म्हणून सांगायला आधी तोंड असावे लागते. तरीही त्या दुपारनंतर काय झाले, हे पाहायला हवे. आरोपीच मेल्यामुळे त्याच्या गुन्ह्यांची सुनावणी संपली. बायकांनी सोसलेले अत्याचार न्यायालयात साक्ष म्हणून नोंदले जाऊन त्याला शिक्षा झाली, असे कधीच घडले नाही. त्याला कुणाचा वरदहस्त होता, हे तो ज्या खटल्यात उघड होऊ शकले असते, तो खटलाच उरला नाही. ज्यांनी आजवर सोसले त्याच वस्तीतले लोक आता आरोपी झाले. दहा वर्षे त्यांच्यावर टांगती तलवार राहिली आणि 2014 मध्ये पुराव्याअभावी ते निर्दोष सुटले. गुंडाला पाठीशी घालणाऱ्यांच्या दृष्टीने याहून सोयीचा शेवट दुसरा नव्हता.

दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. नागपूरच्या जमावाला आपण बरोबर आहोत याची जेवढी खात्री होती, तेवढीच राईनपाड्याच्या जमावालाही होती. गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला आपण या दोहोंपैकी कुठे आहोत, हे आतून कळत नाही. रागाची धग दोन्हीकडे सारखीच असते. फरक कळतो तो चौकशीने, आणि जमाव नेमकी तीच होऊ देत नाही. म्हणून एखाद्या वेळी जमावाच्या हाती खरा गुन्हेगार लागला, तरी तो न्याय नव्हे. तो केवळ योगायोग असतो.

मुस्लिम समाजाने हा हिशेब दुसऱ्यांपुरता ठेवून भागणार नाही. 3 डिसेंबर 2021 रोजी पाकिस्तानातल्या सियालकोट शहरात प्रियंथा कुमारा या श्रीलंकन कारखाना व्यवस्थापकाला कामगारांच्या जमावाने मारून टाकले आणि त्याचा मृतदेह जाळला. धार्मिक मजकूर असलेले पोस्टर त्याने काढून फाडले, असा आरोप होता. धर्माच्या प्रेमापोटी राग आला, असे समर्थन तिथेही झाले. पण ज्या प्रेषितांच्या नावाने हे केले, त्यांनी रागावलेल्या काजीलाही निवाडा करण्यापासून रोखले आहे. शिक्षा देणे हे शासनाचे आणि न्यायालयाचे काम आहे, वाटेल त्याने ती द्यायची नसते, हे मुस्लिम धर्मशास्त्रातले प्रस्थापित मत आहे. त्या दिवशी मलिक अदनान नावाचा एक सहकारी जमावासमोर आडवा झाला आणि स्वतःच्या अंगाने कुमाराला झाकायचा प्रयत्न करत राहिला. तो त्याला वाचवू शकला नाही. पण त्या कारखान्याच्या आवारात इस्लामची शिकवण कुणी पाळली असेल, तर ती त्याने. पुढे पाकिस्तान सरकारने त्याला शौर्यपदक दिले.

भारतात राईनपाड्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, 17 जुलै 2018 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात जमावाच्या हिंसेबद्दल निकाल दिला. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी यासाठी नेमावा, खटले शक्यतो सहा महिन्यांत संपवावेत, पीडितांच्या भरपाईची योजना करावी, असे त्यात सांगितले आहे. पुढे 1 जुलै 2024 पासून, म्हणजे राईनपाड्याला बरोबर सहा वर्षे झाली त्याच दिवसापासून, भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 103 मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या खुनाला फाशी किंवा जन्मठेपेची वेगळी तरतूद आहे. मात्र राईनपाड्यासारखा निव्वळ अफवेतून झालेला खून या तरतुदीत बसेलच असे नाही. तिथे खुनाचे नेहमीचे कलम लागते आणि त्याच्या जोडीला कलम 190. बेकायदा जमावाच्या समान उद्दिष्टासाठी एकाने गुन्हा केला, तर त्या जमावात सामील असलेला प्रत्येक जण त्यासाठी दोषी धरता येतो, असे हे कलम सांगते. ‘मी हात लावला नाही, नुसता सोबत ओरडत होतो’ हा बचाव त्यामुळे फारसा टिकत नाही.

कायदा मात्र बहुतेक वेळा मृत्यूनंतर पोचतो. त्याआधीची काही मिनिटे गावातल्या, मोहल्ल्यातल्या माणसांच्या हातात असतात. 112 वर फोन करणे, संशयिताला खोलीत बंद करून दाराशी विश्वासाची माणसे उभी करणे, सरपंच, इमाम, शिक्षक अशा ज्यांचे लोक ऐकतात त्यांना बोलावून घेणे, आणि हा कोण आहे हे आधी विचारू या, असे मोठ्याने म्हणणे, हे त्या मिनिटांत करता येते. राईनपाड्यातही खोली होती आणि दारही होते. त्या दाराआड पाच जणांचे प्राण वाचू शकले असते. दाराशी त्यांच्या बाजूने उभे राहणारे पुरेसे लोक नव्हते.

इफ्तारची वेळ होईपर्यंत भरल्या ताटासमोर हात आवरून बसायची सवय हा महिना लावतो. अन्न स्वतःचे असते, भूक खरी असते, तरीही मगरिबची अजान होईपर्यंत थांबायचे असते. खऱ्या भुकेला जे थांबायला शिकवते, ते खऱ्या रागालाही लागू आहे.