घड्याळ हरवलं, कार्ड मात्र पर्समध्येच!

आमच्या वन्सं धुळ्याला देवपुरात राहतात. गेल्या चैत्रात जळगावला आमच्याकडे यायला निघाल्या आणि एसटीत पारोळा सोडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की मनगट मोकळं आहे. घड्याळ गेलं! नुसतं घड्याळ असतं तर दोन दिवस हळहळल्या असत्या आणि विसरल्या असत्या. पण हे घड्याळ दुकानात मशीनजवळ नेलं की पैसे देणारं होतं. पुण्याच्या मुलानं दिवाळीत हौसेनं आणून दिलेलं.

एरंडोल येईपर्यंत त्यांच्या फोनवर एसएमएस आला. एका कापडाच्या दुकानात १,९५० रुपये खर्च. वन्सं घाबरल्या, पण हुशार बाई! तिथल्या तिथे बँकेला फोन लावून डेबिट कार्ड बंद करून टाकलं. आमच्या घरी पोचल्या तेव्हा म्हणाल्या, "वहिनी, १,९५० गेले ते गेले, पण पुढचं तरी वाचलं." मीही तेच म्हटलं. आम्हा दोघींचंही चुकलं होतं, ते कळायला सव्वा महिना लागला.

आठ-दहा दिवसांनी बँकेकडून नवं कार्ड आलं. वन्संनी एटीएममध्ये जाऊन ते सुरू केलं. आणि एक दिवस पुन्हा एसएमएस! पेट्रोल पंपावर ६४० रुपये. नवं कार्ड कपाटात, पाकिटातून फक्त एकदा बाहेर काढलेलं. वन्संकडे तर गाडीसुद्धा नाही. मग हे पेट्रोल कोणी भरलं?

याचं उत्तर शोधायला मी त्यांच्याबरोबर बँकेच्या शाखेत गेले होते. बचत गटाच्या कामामुळे बँकेत बसून राहायची मला सवय आहे. तिथे जे समजलं ते सांगण्यासारखं आहे, कारण आता अशी घड्याळं आपल्याकडेही दिसू लागली आहेत. २०२० च्या सप्टेंबरात टायटननं स्टेट बँकेबरोबर अशी घड्याळं आणली, २०२३ मध्ये एअरटेल पेमेंट्स बँकेनं नॉइज कंपनीबरोबर आणलं. मुलं, भाचे, जावई भेट म्हणून देतात आणि आपण हौसेनं बांधतो.

तर मुळात घड्याळात आपला कार्ड नंबर नसतोच. नोंदणी करताना बँक आणि कार्डाची कंपनी मिळून त्या नंबराऐवजी दुसराच एक नंबर तयार करतात, त्याला टोकन म्हणतात, आणि तो घड्याळाच्या चिपमध्ये बसतो. रिझर्व्ह बँकेनं २०१९ च्या जानेवारीत मोबाइल आणि टॅबसाठी ही सोय मान्य केली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये मनगटी घड्याळांनाही लागू केली. यासाठी ग्राहकाकडून पैसे घ्यायचे नाहीत, असंही सांगितलं. सोप्या भाषेत म्हणजे कार्ड ही घराची मोठी किल्ली आणि घड्याळ ही त्याच दाराची दुसरी, छोटी किल्ली.

वन्संनी मोठी किल्ली हरवली म्हणून सांगितलं. बँकेनं कुलूप बदललं. पण कार्ड बदललं की जुनं टोकन नव्या कार्डाला आपोआप जोडायचं, अशी सोय बऱ्याच ठिकाणी असते. कार्डाची मुदत संपली तरी ग्राहकाला पुन्हा नोंदणीचा खटाटोप पडू नये, एवढाच त्यामागचा हेतू. एरवी चांगलाच आहे. पण आमच्या बाबतीत कुलूप नवं आलं आणि हरवलेल्या छोट्या किल्लीलाही ते उघडायला लागलं! मधले काही दिवस कार्ड बंद होतं म्हणून घड्याळही मुकं होतं. नवं कार्ड सुरू झालं, तसं ते पुन्हा बोलू लागलं.

म्हणून बँकेला फोन केलात तर "कार्ड ब्लॉक करा" एवढंच म्हणू नका. "घड्याळ हरवलं आहे, घड्याळाचं टोकन काढून टाका" असं स्पष्ट म्हणा. टोकन काढलं की कार्ड बदलायची गरजही बहुतेक वेळा पडत नाही, कारण कार्ड तर तुमच्या पर्समध्येच आहे. घड्याळ घरातच कुठे पडलं असेल अशी शंका असेल तर टोकन तात्पुरतं थांबवायला सांगा, सापडलं की परत सुरू करता येतं. काढून टाकलं तर मात्र पुन्हा पहिल्यापासून नोंदणी.

मी वन्संना विचारलं, मग तुम्ही स्वतःच फोनवरून का नाही काढलंत? तेव्हा खरी गंमत कळली. नोंदणी मुलानं स्वतःच्या फोनवरच्या ॲपमधून केली होती. शेजारी बसून कार्डाचा नंबर घातला, वन्संच्या फोनवर आलेला ओटीपी विचारला आणि "झालं आई" म्हणाला. टोकन काढायचं बटण पुण्याला, मुलाच्या खिशात! तो त्या वेळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये. आपल्या घरांत हे फार होतं. सगळं "मी करून देतो" म्हणून होतं आणि बाईला फक्त वस्तू मिळते. माझं स्पष्ट मत आहे, की घड्याळ बांधायचं असेल तर नोंदणी आपल्याच फोनवर, आपल्याच हातानं करावी. मुलाला शेजारी बसवा हवं तर.

नोंदणीत अवघड काही नाही. घड्याळाचं ॲप आपल्या फोनवर घ्यायचं, कार्ड जोडायचं, ओटीपी टाकायचा. घड्याळाला पडदा असेल तर त्यावर पिन ठेवायचा. मग बँकेच्या ॲपमध्ये जाऊन "कॉन्टॅक्टलेस" ही सोय चालू आहे का ते बघायचं. ती बऱ्याचदा बंद असते, कारण २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ती आपण स्वतः चालू करायची असते. तिथेच रोजची मर्यादाही ठरवता येते, आणि हीच जागा बायका सोडून देतात. ५,००० रुपयांपर्यंतच्या खर्चाला पिन लागत नाही. १ जानेवारी २०२१ पासून ही रक्कम २,००० वरून ५,००० झाली. म्हणजे घड्याळ सापडलेल्या माणसाला पिन माहीत नसला तरी एका वेळी तेवढा खर्च करता येतो, आणि तो एकदाच करेल असं थोडंच आहे! रोजची मर्यादा १,००० ठेवली तर जाऊन जाऊन दिवसाला तेवढेच जातील. याहून बरं म्हणजे घड्याळाला असं खातं जोडायचं ज्यात घरखर्चापुरतीच रक्कम असते. पगाराचं किंवा एफडीचं खातं मुळीच नको.

आता घड्याळाघड्याळातही फरक आहे. पडद्याचं चांगलं घड्याळ मनगटावरून काढलं की कुलूपबंद होतं आणि पुन्हा बांधल्यावर पिन मागतं. आमची पुतणी अमेरिकेत ॲपलचं घड्याळ वापरते. ते हरवलं तर फोनवरून "हरवलं" अशी खूण केली, की पैसे देणं तिथेच थांबतं, घड्याळ इंटरनेटला जोडलेलं नसलं तरी. वन्संचं मात्र साधं, काट्यांचं घड्याळ होतं आणि चिप पट्ट्यात. त्याला चार्जिंग लागत नाही, पिन नाही, फोनची गरज नाही. चिपला लागणारी वीज दुकानातलं मशीनच जवळ आल्यावर देतं. म्हणूनच ते इतकं सोयीचं, आणि म्हणूनच ज्याच्या हाती लागेल त्याचं. अशा पट्ट्याला दुरून "बंद हो" असं सांगता येत नाही. ते बँकेतच बंद करावं लागतं. फोनच्या ब्लूटूथमधून घड्याळ काढून टाकलं म्हणजे झालं, असं पडद्याच्या घड्याळाबद्दलही समजू नका.

(सुरुवातीला वन्सं मशीनवर घड्याळाची तबकडी आपटायच्या आणि मशीन ढिम्म. पट्टा लावायचा असतो हे दुकानातल्या पोरानं सांगितलं! आणि भाजीबाजारात याचा काही उपयोग नाही. तिथे क्यूआर कोडचा कागद असतो, त्याला फोनच लागतो. घड्याळ चालतं ते जिथे स्वाइप मशीनवर लहरींची खूण असते तिथे. पेट्रोल पंप, औषधांची दुकानं, मोठी कापडाची दुकानं.)

फोन कोणाला करायचा, हाही प्रश्नच. घाईघाईत इंटरनेटवर बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधू नका. तिथे भामट्यांनी पेरलेले नंबर असतात, आणि घाबरलेली बाई त्यांना आयतीच सापडते. नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो. तो आधीच घरातल्या कागदावर लिहून ठेवा, कारण पर्स, फोन आणि घड्याळ एकदमच गेलं तर कार्डाची मागची बाजू कुठून वाचणार? तक्रार नोंदवल्यावर तिचा नंबर आणि वेळ लिहून घ्या. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवरही सांगता येतं.

वेळ लिहायला सांगते त्याला कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं, की ग्राहकानं कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं, आणि कळवल्यापासून १० कामाच्या दिवसांत ती रक्कम खात्यात दाखवायची. वन्संचे पहिले १,९५० कळवण्याआधीचे. त्यावर बँक म्हणाली, वस्तू तुम्हीच हरवलीत. भांडून पाहिलं, मिळाले नाहीत. ६४० चं मात्र आम्ही सोडलं नाही. शाखेतले साहेब आधी म्हणाले, तुम्ही कार्ड हरवलं म्हणून सांगितलंत, घड्याळाचं बोललाच नाहीत. मी म्हटलं, पण त्या फोनवर "घड्याळानं पैसे गेले" हे त्यांनी सांगितलं होतं, तुमच्याकडे ते रेकॉर्ड होतं की नाही? लेखी अर्ज दिला, तक्रारीचा नंबर आणि वेळ घातली, एसएमएसची छायाचित्रं जोडली. नवव्या दिवशी ६४० रुपये जमा झाले. टोकनही त्याच दिवशी आमच्यासमोर काढायला लावलं आणि "काढलं" असा एसएमएस आल्यावरच खुर्चीवरून उठलो.

माझी तक्रार बँकांवर एवढीच आहे, की घड्याळ जोडून देताना चार पानी अटी इंग्रजीत दाखवतात, पण "घड्याळ हरवलं" असं मराठीत लिहिलेलं एक बटण ॲपच्या पहिल्या पानावर का नको? कार्ड हरवल्याचं असतं ना! आणि विकणाऱ्यानं खोक्यात एक चिठ्ठी घालावी: हरवलं तर काय म्हणायचं, कोणाला म्हणायचं. वन्संच्या खोक्यात पट्टा कसा पुसावा याची चिठ्ठी होती, ही नव्हती.

वन्संनी या राखीला पुन्हा तसंच घड्याळ घेतलं. मला वाटलं होतं की त्या आता नाव काढणार नाहीत. या वेळी नोंदणी त्यांच्या फोनवर झाली, जुन्या एका खात्यावर, रोजची मर्यादा ८०० रुपये. बँकेचा नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे पेनानं लिहिला आहे, आणि पट्ट्याची पिन सोनाराकडून घट्ट करून आणली आहे.