आयपीओ 'लागला', आता पैसे भरा?

आपल्या अष्टमीतल्या एका निवृत्त काकांनी परवा मला मोबाईल दाखवला. अॅपमध्ये शिल्लक १८ लाख, भरलेले ६ लाख. वर व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या 'मॅडम'चा निरोप: "आयपीओचे जास्त शेअर लागलेत, ५ लाख आजच भरा, नाहीतर खातं गोठेल." काका एफडी मोडायला निघाले होते.

खऱ्या आयपीओत असं होतच नाही. अर्ज केला की रक्कम तुमच्याच बँक खात्यात अडकून राहते आणि शेअर लागले तरच कापली जाते. मागितल्यापेक्षा जास्त शेअर लागत नाहीत. मग वरचे पैसे कशाचे?

सुरुवातीला ५ हजार काढता आले, म्हणून काकांचा विश्वास बसला. पण ते आमिष होतं. भरणा दरवेळी वेगळ्याच नावाच्या खात्यात झाला होता, तिथेच शंका यायला हवी होती.

शेअर खरे असतील तर तुमच्या नावावर सीडीएसएल किंवा एनएसडीएलकडे दिसतात. आम्ही पाहिलं, काकांच्या नावावर एकही नव्हता. अॅपमधले १८ लाख म्हणजे नुसता आकडा!

लगेच १९३० वर फोन केला. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार गेली, तरच काही रक्कम गोठवता येते. जुने ६ लाख मिळतील का, सांगता येत नाही. एफडी मात्र वाचली.

मंडळी, घरातल्या ज्येष्ठांना आज एवढंच विचारा: "तुमचे शेअर कुठे दिसतात?" उत्तर फक्त 'अॅपमध्ये' आलं, तर एक रुपयाही भरू देऊ नका.