घोकलेली जोडी आणि विंचवाचा दंश

औषधशास्त्राच्या परीक्षेत ‘जोड्या लावा’ हा प्रकार ठरलेला. एका बाजूला औषधे, दुसऱ्या बाजूला दुष्परिणाम. ‘प्राझोसिन : पहिल्या गोळीनंतर चक्कर’ ही जोडी विद्यार्थी घोकतात आणि गुण मिळवतात. पण साताऱ्यातील माण-खटाव किंवा सांगलीतील जत-आटपाडीकडे विंचू चावलेला रुग्ण रात्री दवाखान्यात येतो, तेव्हा या जोडीमागचे कारण कळलेला डॉक्टरच उपयोगी पडतो.

लाल विंचवाच्या विषामुळे मज्जातंतूंमधील सोडियमचे दरवाजे नीट मिटत नाहीत. मज्जातंतू पेटल्यासारखे होतात आणि अ‍ॅड्रिनलिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन भरमसाट सुटते. ही रसायने रक्तवाहिन्यांवरील अल्फा रिसेप्टरवर बसून त्या आवळतात. रुग्णाला दरदरून घाम येतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलताना हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. जीव जातो तो यानेच.

हे चित्र डोळ्यांपुढे असेल तर औषध आपोआप सुचते. आवळलेल्या वाहिन्या सैल करायच्या, म्हणजे अल्फा रिसेप्टर अडवायचा. प्राझोसिन हेच करते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबाची ही जुनी गोळी विंचूदंशावर वापरली, ती याच विचाराने. गार हातपाय पुन्हा ऊबदार झाले, की गोळी लागू पडली असे समजावे.

दुष्परिणामही याच साखळीत सापडतो. माणूस उभा राहिला की एरवी पायांतल्या वाहिन्या आवळून रक्त वर राखतात. त्या सैल असतील तर रक्त पायांत उतरते, रक्तदाब घसरतो आणि चक्कर येते. म्हणून गोळी दिल्यावर रुग्णाला उठू देत नाहीत. प्रोप्रॅनोलॉल का नको, हेही इथेच कळते. तो बीटा रिसेप्टर अडवतो, आवळलेल्या वाहिन्या तशाच राहतात आणि थकलेल्या हृदयाचे बळ मात्र कमी होते.

अर्थात, प्राझोसिन विष उतरवत नाही. त्यासाठी प्रतिविषाची लस वेगळी. तर्कालाही मर्यादा आहे. पेनिसिलिन जिवाणूंची भिंत बांधू देत नाही, एवढ्यावरून त्याच्या अ‍ॅलर्जीचा अंदाज येत नाही. अशा गोष्टी पाठच कराव्या लागतात.

म्हणून परीक्षेतल्या प्रश्नाचे रूप बदलावे. जोडी लावून झाल्यावर ‘असे का?’ याचे उत्तर एका ओळीत मागावे आणि निम्मे गुण त्या ओळीला ठेवावेत. विंचवाच्या रुग्णाला पाणी प्यायला उठू न देणारा डॉक्टर त्या ओळीतूनच घडेल.