लोकर आवरायची वेळ फाल्गुन चौमासीची, आषाढाची नाही



मे महिना संपत आला की आपल्या बिल्डिंगमध्ये एकच धांदल सुरू होते. कुणाच्या गच्चीवर स्वेटर, कुणाच्या बाल्कनीत शाली, आणि किराणा दुकानातून डांबरगोळ्यांची पाकिटं भराभर घरी येतात. आषाढ शुद्ध चतुर्दशीच्या आत सगळं बंद झालं पाहिजे, हा हिशेब. माझं मत थोडं वेगळं आहे. नवी मुंबईत हे काम मेअखेरीस करणं म्हणजे दोन-तीन महिने उशीर. फाल्गुन चौमासीला आपण पालेभाजी आणि सुका मेवा बंद करतो ना? त्याच आठवड्यात लोकर आवरावी.

कारण सांगते. कपडे खाते ती अळी. तिचं फुलपाखरू, म्हणजे ती बारीक भुऱ्या-सोनेरी रंगाची कसर, काहीच खात नाही. ते फक्त अंडी घालतं, आणि तेही घामाचे, तेलाचे, वरणाचे डाग असलेल्या लोकरीत आवडीनं. थंडी संपल्यावर एकदा वापरलेली शाल न धुता कपाटात सरकवली, की मार्च-एप्रिलच्या उकाड्यात तिथे अंडी पडतात आणि आठ-दहा दिवसांत अळ्या बाहेर येतात. मग जूनमध्ये आपण गोळ्या टाकतो त्या कुणावर? आधीच जन्मलेल्या जीवांवर. मार्चमध्ये स्वच्छ करून बंद केलं असतं, तर तो जीव तिथे उत्पन्नच झाला नसता.

डांबरगोळीचं एक नीट समजून घ्या. तिची वाफ घट्ट बंद डब्यात साठली तरच काम करते, आणि काम करते म्हणजे अळीला मारते. उघड्या कपाटात चार गोळ्या टाकल्या तर वाफ उडून जाते, कसर राहते आणि वास आपल्याला लागतो. म्हणजे एक तर हिंसा, नाही तर नुसता खर्च. शिवाय घरात तान्हं बाळ असेल तर गोळ्यांतली दुपटी, ब्लँकेटं त्याच्या अंगाला लावू नयेत. काही बाळांच्या रक्तात जन्मजात एक कमतरता असते. त्या वाफेने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते.

आता माझ्या घरचं या फाल्गुनातलं काम सांगते. आधी निवड केली, कारण सगळ्याच उबदार वस्तूंना कसर लागत नाही. ती लोकर, पश्मीना, रेशीम, पिसं अशा प्राण्यांपासून आलेल्या गोष्टीच खाते. शंका असेल तर शिवणीच्या आतून एक धागा काढून मोरीत, चिमट्यात धरून जाळून बघा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटात चुरडते. वितळून कडक मणी झाला तर तो कृत्रिम धागा. आमचं मिंकचं दुहेरी ब्लँकेट असंच निघालं, त्यामुळे त्याला फक्त ओलाव्यापासून जपायचं. सोलापुरी चादर सुती, तिचंही तेच. उरल्या दोन शाली, शिखरजीच्या यात्रेला घेतलेले तीन स्वेटर, सासऱ्यांची घोंगडी आणि कटासणं.

स्वेटर साध्या पाण्यात, लोकरीसाठीच्या सौम्य लिक्विडने धुतले. नेहमीची पावडर नको. डाग काढायला तिच्यात जी एन्झाइम असतात ती लोकरीलाही खातात. पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवं पसरायचं. घोंगडी धुतली नाही. गच्चीवर उन्हात पसरून मऊ ब्रशने दोन्ही बाजूंनी झाडली, काठ आणि घड्या जास्त. पूर्ण वाळायला सगळ्याला दोन दिवस दिले. ही घाई करू नका. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पोटात घेते आणि तरी हाताला कोरडी लागते. कुबट वासाचं मूळ इथेच आहे. मार्चच्या दुपारी आपल्याकडे हवा बरीच कोरडी असते, तर मेअखेरीला खाडीवरून येणारी हवा आधीच दमट झालेली असते. त्या दिवसांत ‘वाळवलेलं’ म्हणून आत ठेवलेलं काही खरं वाळलेलं नसतं. उन्हातून आणलेलं मात्र लगेच डब्यात कोंबू नका, थंड होऊ द्या.

मग धुतलेल्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात एकेक वस्तू गुंडाळून, झाकणाला रबर असलेल्या पारदर्शक डब्यात. माझ्या आईचं सुती बोचकं सांगलीला छान चालायचं. पण इथे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली ओल ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते. साधारण सत्तरच्या वर ती बराच काळ राहिली की बुरशी धरते. अशा हवेत बोचकं श्वास घेतं म्हणजे ओलच घेतं. बुरशी, आपली लीलफूग, अनंतकाय आहे हे मी सांगायला नको. डब्यात सिलिका जेलची पुरचुंडी ठेवली तर चांगलं, पण झाकण घट्ट नसेल तर ती दोन दिवसांत निकामी होते. डबा बाहेरच्या भिंतीला किंवा बाथरूमच्या भिंतीला टेकवू नका, बॉक्सबेडच्या तळाशीही नको.

कडुनिंबाचा पाला, लवंगा, कापूर यांना माझा विरोध नाही, पण भरवसाही नाही. पाला कडकडीत वाळलेला नसेल तर तोच ओल घेऊन आत जातो.

श्रावणात एखादं लख्ख ऊन पडलं की डबे उघडायचा मोह होतो. उघडू नका. ऊन दिसलं तरी हवा दमटच असते. मी दर चौदसीला फक्त बाहेरून बॅटरी मारून बघते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे, कापडाच्याच रंगाचे वाळूसारखे कण, विरलेले ठिपके यांतलं काही दिसतं का, एवढंच. महाराजसाहेब आणि साध्वीजी रोज दोन वेळा पडिलेहण करतात, एकेक वस्त्र उजेडात उलगडून. वापरात असलेल्या लोकरीला त्याहून चांगला उपाय मला माहीत नाही, कारण कसरीला अंधार आणि न हलवलेली घडी लागते. म्हणून कटासणं आणि चरवळा मी डब्यात घालतच नाही. चातुर्मासात रोज सामायिकाला ते लागतातच. सामायिक झालं की कटासणं दोरीवर पंख्याखाली, घडी रात्री.

आणि अळी दिसलीच तर? ती वस्तू इतरांपासून वेगळी करा, सावलीतल्या मातीवर हलकेच ब्रशने झाडा आणि महिनाभर उजेडात उघडीच ठेवून दर दोन-तीन दिवसांनी परत झाडत राहा. अंडी डोळ्यांना सहज दिसत नाहीत, त्यामुळे एका झाडण्यात काम होत नाही. पावसात हे फार अवघड जातं. शेजारच्या काकूंची शाल गेल्या भाद्रपदात अशीच पंख्याखाली महिनाभर टांगलेली होती, आणि तिला चार भोकं पडलीच.

डबे मी कार्तिकी पौर्णिमेनंतर, दुपारी उघडते.