आवाज कोणावर चढतो?

लग्नाळू मुलींना हल्ली एक सल्ला हमखास दिला जातो. मुलगा तुमच्याशी कसा बोलतो ते पाहू नका, हॉटेलातल्या वेटरशी कसा बोलतो ते पाहा. सल्ला वाईट नाही. मात्र ज्यांच्या संसाराला चाळीस वर्षे झाली, त्यांना तो आता काय कामाचा? त्यांचा प्रश्न निराळा असतो. ‘हे आयुष्यभर कामवालीवर आणि रिक्षावाल्यावर खेकसत आले. माझ्यावर सहसा नाही. पण उद्या मी अंथरुणाला खिळले, तर हाच आवाज माझ्याकडे वळेल का?’ (हा प्रश्न पुरुषांनाही पडू शकतो. खेकसणे ही काही एकट्या पुरुषांची मिरासदारी नाही. सोयीसाठी येथे मी नवऱ्याविषयी लिहितो आहे.)

उत्तर शोधताना आधी पाहायचे ते हे की आवाज नेमका कोणावर चढतो. काही माणसे सर्वांवरच चिडतात. साहेबावर, भावावर, बँकेतल्या अधिकाऱ्यावर आणि वेटरवरही. अशा माणसाला आपण तापट म्हणतो आणि ते बहुधा खरे असते. याउलट एखादे गृहस्थ डॉक्टरांसमोर हात जोडून बसतात, सोसायटीच्या अध्यक्षांशी आर्जवाने बोलतात आणि चहा गार आला म्हणून वाढप्याला मात्र चारचौघांत फैलावर घेतात. येथे ‘त्यांचा रागावर ताबाच राहत नाही’ हे स्पष्टीकरण टिकत नाही. ताबा उत्तम आहे. समोरचा उलटून बोलू शकतो की नाही, याचा हिशेब क्षणात होतो आणि मग आवाज ठरतो. भाषेतल्या एकेरीवरून मात्र निष्कर्ष काढू नये. आपल्या घरांतून मावशींना ‘अगं’ म्हणून मायेने हाक मारणारेही असतात आणि ‘अहो’ म्हणून अपमान करणारेही.

आता उदाहरणादाखल एक घर डोळ्यांसमोर आणू. काका पंच्याहत्तरीचे, काकू सत्तरीच्या. काकांचा असा हिशेबी राग घराबाहेर आणि कामवालीपुरता. काकूंवर तो फारसा आला नाही, कारण घर काकूंच्या हातात होते. जेवण, औषधे, नातेवाईक, सणवार, काकांचा रक्तदाबाचा डबासुद्धा. ज्याच्यावाचून आपले अडते, त्याच्यावर माणूस जपून ओरडतो. मग काकू न्हाणीघरात घसरतात, खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होते. हल्ली दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभे करण्याचा प्रयत्न होतो, तरीही पुढचे काही आठवडे वॉकर, उंच कमोड आणि प्रत्येक हालचालीला कोणाचा तरी हात लागतो. काल जी व्यक्ती घर चालवत होती, ती आज पाण्याच्या भांड्यासाठी हाक मारते आणि वाट पाहते. म्हणजेच घरातल्या क्रमात ती त्या जागी येऊन बसते, जेथे इतके दिवस कामवाली उभी होती. काकांचा स्वभाव बदललेला नसतो. काकूंची जागा बदललेली असते.

असे झाले तर प्रारंभी शिव्या किंवा आरडाओरडा होत नाही. हाकेला ओ देण्यास उशीर होऊ लागतो. ‘किती वेळा बोलावतेस’ हे वाक्य येऊ लागते. डॉक्टरांसमोर काकूंच्या वतीने काकाच उत्तरे देतात, आणि वेदनेविषयी काकू स्वतः बोलल्या की ‘ही जरा वाढवूनच सांगते’ असे हसून म्हणतात. रात्री उठावे लागू नये म्हणून काकू संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. हे शेवटचे लक्षण मला सर्वांत बोलके वाटते. पाणी कमी म्हणजे बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग, उठताना चक्कर, आणि चक्कर म्हणजे पुन्हा पडण्याची भीती. रुग्ण घाबरून पाणी टाळतो आहे, हे शुश्रूषा करणाऱ्या मुला-सुनांनी ओळखायला हवे.

त्याहून लवकर आणि जवळजवळ खात्रीने होणारे नुकसान वेगळेच असते, आणि त्याकडे कोणी पाहत नाही. ब्युरोतून आणलेली बाई चार दिवसांत काम सोडते. दुसरी आठवडाभर टिकते. ‘हल्लीच्या बायका कामाला नकोतच असतात’ असा निकाल काका देतात. प्रत्येक नव्या बाईला काकूंना कोणत्या कुशीवरून उठवायचे, खुब्याचे पथ्य काय, हे पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते, आणि चूक बहुधा याच नवख्या दिवसांत होते. जी टिकते, ती घाबरून टिकते. घाबरलेला मदतनीस काही सांगत नाही. माकडहाडावर किंवा टाचेवर लाल चट्टा दिसला, बोटाने दाबून सोडल्यावरही त्याची लाली गेली नाही, तर ती दाबाने होणाऱ्या जखमेची सुरुवात असते. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तेथे हाताला ऊब किंवा कडकपणा लागतो. हे पहिल्या दिवशी कळले तर त्या जागेवरचा भार काढून पुष्कळदा निभावते. परंतु ‘मी सांगितले तर साहेब माझ्यावरच ओरडतील’ असे वाटणारी बाई गप्प बसते, आणि घरच्यांना ते कळते तेव्हा कातडी फाटलेली असते. नवऱ्याचा उद्धटपणा असा दुसऱ्याच्या हातून पत्नीच्या अंगावर येतो, त्याने तिला एक वाकडा शब्दही बोललेला नसताना.

तरीही वेटरवर ओरडणारा प्रत्येक नवरा आजारी पत्नीवर ओरडतोच, असे मी म्हणणार नाही. बाहेर कडू आणि घरात मऊ अशी माणसे असतात. पत्नीच्या आजारात रात्र रात्र जागलेले असे गृहस्थ आपल्याही माहितीत असतील. त्यामुळे अंदाज करायचा तर हॉटेलातल्या वागण्यापेक्षा अधिक भरवशाचा पुरावा आपल्याच घरात असतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे ते दिवस, किंवा चिकनगुनियाने सांधे धरले होते तो महिना आठवा. तेव्हा आपण काही काळ परावलंबी होता. पाणी मागितल्यावर ते कसे मिळाले? मागावे लागले, की न मागता समोर आले? कंटाळा आला असेल, तर तो कोणत्या शब्दांत बाहेर पडला? आणि ‘असे बोलू नका, मला लागते’ असे कोणी म्हटल्यावर काय घडले? जो माणूस निदान घटकाभराने ओशाळतो, त्याच्या बाबतीत मी निश्चिंत राहीन. ‘गंमतही कळत नाही तुला’ असे उत्तर आले असेल, तर मात्र सोय आधी करून ठेवणे शहाणपणाचे.

आता दुसरी बाजू. आयुष्यभर कोणाला दुखवले नाही असा माणूस साठीच्या आसपास अचानक रिक्षावाल्याच्या अंगावर धावून जाऊ लागला, तर त्यात स्वभावाचा कौल शोधू नये. अशा वेळी ‘किती दिवसांपासून?’ हाच पहिला प्रश्न. बदल काही तासांत वा दोन-तीन दिवसांत झाला असेल, सकाळी बरा आणि सायंकाळी भ्रमिष्ट असे चढउतार असतील, तर जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, तुंबलेली लघवी किंवा नवे औषध यांचा संशय घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मधुमेही माणूस जेवण लांबल्यावर एकाएकी चिडत असेल, घाम व थरथर असेल, तर आधी साखर मोजावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असू शकते.

बदल महिनोन्‌महिने हळूहळू वाढत असेल, तर मेंदूच्या पुढच्या भागाच्या ऱ्हासाचा विचार करावा लागतो. या स्मृतिभ्रंशाला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणतात. तो बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो. त्याची फसवी गोष्ट अशी की प्रारंभी स्मरणशक्ती पुष्कळशी शाबूत असते. तारखा, फोन नंबर, जुने हिशेब सारे आठवते. सुटतो तो संकोच. अनोळखी माणसाला तोंडावर जाडा म्हणणे, दुसऱ्याच्या ताटातले उचलणे, गोडाची अनावर ओढ, तीच ती कृती पुन्हा पुन्हा करणे, पत्नी रडत असता निर्विकार बसणे, अशी चिन्हे हळूहळू गोळा होतात. आपले काही चुकते आहे असे त्या व्यक्तीला वाटतच नाही. म्हणून डॉक्टरांकडे जाताना जोडीदाराने घडलेले प्रसंग तारीखवार लिहून न्यावेत आणि काही मिनिटे डॉक्टरांशी एकांतात बोलावे. साधी विस्मरणाची चाचणी ठीक आली म्हणून परत फिरू नये. मेंदूविकारतज्ज्ञांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. या आजारातला उद्धटपणा आपल्यावरही वळतो, पण तेथे रुसवा आणि समजूत यांचा उपयोग नसतो. गर्दीच्या हॉटेलात नेणे थांबवणे, पैशांचे व्यवहार दुसऱ्या हाती देणे, मदतनिसाला आजाराची कल्पना देणे, हेच उपाय.

पुन्हा आपल्या काकूंकडे. तिसरी बाई जाण्याच्या बेतात असताना मुलीने दोन गोष्टी बदलल्या. बाईचा पगार, रजा आणि सूचना तिने आपल्याकडे घेतल्या. काही सांगायचे असेल तर बाईने काकांना नव्हे, थेट मुलीला फोन करायचा. रोज अंघोळीनंतर पाठ आणि टाचा पाहून ‘ठीक’ किंवा ‘लाल’ एवढेच कळवायचे, आणि ‘लाल’ कळवल्याबद्दल कोणी बोलणार नाही, हे पहिल्या दिवशीच सांगितले. दुसरे असे की रात्रीसाठी वेगळी व्यवस्था केली, कारण झोपमोड झालेल्या पंच्याहत्तरीच्या माणसाकडून गोड बोलण्याची अपेक्षा करणेही अन्यायच. काकूंच्या उशाशी त्यांचा स्वतःचा मोबाइल ठेवला. त्यात मुलीचा क्रमांक पहिला आणि त्याखाली ज्येष्ठ नागरिकांच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा, १४५६७. डॉक्टरांकडे नेताना काका बाहेर रिक्षा पाहायला जातात, तेवढ्या वेळात काकू आपले दुखणे आपल्या तोंडाने सांगतात. आता त्या रात्री झोपण्यापूर्वी भांडेभर पाणी पितात.