दार नऊला बंद होते, म्हणून गेट आधी शोधा

१६ जून २०२४ चा रविवार आठवा. यूपीएससीची पूर्वपरीक्षा होती. छत्रपती संभाजीनगरात समर्थनगरच्या विवेकानंद महाविद्यालयाचे केंद्र मिळालेले अनेक उमेदवार मोबाईलवरच्या नकाशाने वाळूजकडे नेले. चूक लक्षात येऊन ते परत धावले, पण पेपर साडेनऊचा असला तरी दार नऊला बंद झाले होते. काही जण अवघ्या दोन-तीन मिनिटांनी चुकले. रडले, हात जोडले, दार उघडले नाही.

त्यानंतर ठरलेला शेरा आला: "पोरं निष्काळजी आहेत." आम्हाला तो मान्य नाही. ज्याचा काका त्याच शहरात नोकरीला आहे, त्याला पत्ता विचारायला माणूस असतो. वस्तीतून पहिल्यांदा शहरात परीक्षेला जाणाऱ्या पोरीच्या हातात फक्त हॉल तिकीट असते. दार चुकले तर यूपीएससीच्या हिशोबात प्रयत्न धरला जात नाही, कारण प्रयत्न एका तरी पेपरला बसल्यावर मोजतात. पण वय थांबत नाही. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला प्रयत्नांची मर्यादा नसली तरी वयाची ३७ वर्षांची मर्यादा आहेच. म्हणजे बंद दाराची किंमत एक अख्खे वर्ष.

व्यवस्थेशी भांडू, पण तोवर पेपर बुडू देणार नाही. त्यासाठी हॉल तिकीट नीट वाचायला शिकावे लागेल.

चांदवडच्या पोरांचे केंद्र बहुधा नाशिकला येते. एमपीएससीच्या प्रवेशपत्रावर 'केंद्र' म्हणजे जिल्हा आणि 'उपकेंद्र' म्हणजे प्रत्यक्ष शाळा किंवा कॉलेज. पुष्कळ जण "नाशिक आलंय" एवढेच वाचून निश्चिंत होतात. समजा, उपकेंद्राच्या जागी 'आर.एन.सी. आर्ट्स, जे.डी.बी. कॉमर्स अँड एन.एस.सी. सायन्स कॉलेज' असे लांबलचक नाव आहे. नाशिकचा रिक्षावाला ते ओळखणार नाही, कारण लोकांच्या तोंडी ते 'बिटको कॉलेज' आहे. पण नुसते 'बिटको' म्हणालात तर चौकही त्याच नावाचा आणि दवाखानाही. शिवाय हे कॉलेज नाशिकरोडला. त्याच गोखले एज्युकेशन सोसायटीची एचपीटी, आरवायके आणि बीवायके ही कॉलेजे मात्र कॉलेज रोडला, एकमेकांना लागून. संस्थेचे नाव तेवढे वाचले तर शहराच्या दुसऱ्या टोकाला पोहोचाल, आणि कॉलेज रोडला गेलात तरी तीनपैकी कोणती इमारत, हा प्रश्न उरतोच.

यातून सोडवतो तो पिनकोड. नाशिकरोडचा ४२२१०१, कॉलेज रोडचा ४२२००५. नकाशात कॉलेजचे नाव टाकू नका, पूर्ण पत्ता पिनकोडसह टाका. नकाशावरची खूण आणि छापील पत्ता जुळला नाही, तर पत्ता खरा माना. रस्ताही त्यावरूनच ठरतो. चांदवडहून महामार्गाने येणारी एसटी द्वारकेवरून जाते. नाशिकरोडचे केंद्र असेल तर तिथेच उतरून पुणे रस्त्याची गाडी धरायची, कॉलेज रोडचे असेल तर पुढे सीबीएसला जायचे.

मग कामाच्या दिवशी कॉलेजच्या कार्यालयात फोन करा आणि नेमके दोन प्रश्न विचारा: परीक्षा कोणत्या इमारतीत, आणि उमेदवारांना कोणत्या गेटने सोडणार? रोजचे मोठे गेट परीक्षेच्या दिवशी बंद ठेवून बाजूचे उघडतात, असे होते. फोनवर "माहीत नाही" म्हणाले तर आदल्या दिवशी जाऊन वॉचमनला विचारा. बैठक व्यवस्थेचा फलक सकाळीच लागतो, त्यामुळे खोली आधी कळणार नाही. पण गेट आणि इमारत कळते, आणि मिनिटे तिथेच जातात. निघण्याआधी हॉल तिकीट पुन्हा डाउनलोड करून पाहा, केंद्र बदलले असेल तर तिथेच दिसेल. पत्ताच अर्धवट असेल, तर त्यावर दिलेल्या मदत क्रमांकावर फोन आणि सोबत लेखी ईमेल, दोन्ही करा. लेखी असले तर उद्या भांडता येते.

प्रत्येकाला आदल्या दिवशी नाशिकची वारी परवडत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून हे काम एकट्याचे नाही, अभ्यासिकेचे आहे. हॉल तिकिटे आली की सगळ्यांची एकत्र मांडा, केंद्रांप्रमाणे गट पाडा. एका केंद्रासाठी एकाने जावे, गेटचा फोटो काढावा, बसथांब्यापासून चालायला किती मिनिटे लागली ते लिहावे आणि ग्रुपवर टाकावे. भाडे सगळ्यांनी वाटून घ्यावे.

आणि मागणी आयोगांकडे: हॉल तिकिटावर लोकांच्या तोंडचे नाव, गेट आणि तपासलेली नकाशाखूण छापा. दार वेळेवर बंद करण्याची शिस्त तुमची असेल, तर दार कुठे आहे ते नीट सांगण्याची जबाबदारीही तुमचीच.

जयभीम!